आईचे चाळीस सेकंद

सकाळचा उजेड त्या स्वयंपाकघरात कधीच एकदम शिरत नसे. आधी तो खिडकीच्या दुधी काचेवर येऊन थबके, आत येऊ का असे विचारणाऱ्या संकोची पाहुण्यासारखा. मग ओट्याच्या कडेवर एक फिकट रेघ उमटे. पालथ्या घातलेल्या पेल्यांच्या बुडांवर थेंबाथेंबाने प्रकाश साचे. खिळ्याला अडकवलेल्या गाळणीची सावली भिंतीवर जाळीसकट पसरे आणि हळूहळू खाली सरके. नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब काही क्षण पेटलेला दिसे आणि पडून जाई. शेवटी उजेड टेबलावर येई. टेबलाच्या लाकडावरचे जुने ओरखडे, चहाचे गोल डाग, एका कोपऱ्यात उडालेले पॉलिश, हे सारे तो सावकाश वाचत जाई, आणि सर्वांत शेवटी आईच्या हातापर्यंत पोहोचे. टेबलावर टेकलेला तिचा उजवा हात, निळ्या शिरा, आणि जरा उचललेली तर्जनी.

त्या बोटाकडे पाहत तो बोलत होता. समोरच्या पुस्तकातल्या चित्रात एक पूल होता, पुलाखाली नावा, काठावर माणसे. परक्या भाषेत त्याने पूल सांगितला, नावा सांगितल्या, माणसे काय करत असावीत तेही सांगितले, आणि समारोपाचे वाक्य संपता संपता आईचे बोट टेबलावर अलगद टेकले. टक्.

"बरोब्बर," आई म्हणाली. "आता कोणी म्हणेल का, मुलगा घाबरतो म्हणून?"

आई रेडिओवर निवेदिका होती. आयुष्यभर तिने दोन कार्यक्रमांमधल्या फटी आपल्या आवाजाने बुजवल्या होत्या. कधी पंधरा सेकंदांची, कधी पाऊण मिनिटाची. घड्याळाकडे न पाहता ती वाक्य असे संपवी, की पुढच्या कार्यक्रमाचे संगीत तिच्या पूर्णविरामावरच सुरू होई. निवृत्त झाल्यावरही ते मोजमाप तिच्या अंगात राहिले होते. अंडे उकडायला ठेवून ती शेजारणीकडे जाई आणि नेमक्या वेळी परत येई.

तो इस्पितळात एक्स-रे काढत असे. दिवसभर तो लोकांना सांगे, "श्वास घ्या, धरून ठेवा, आता सोडा," आणि लोक मुकाट्याने ऐकत. स्वतःच्या श्वासाला मात्र त्याचे सांगणे कधी कळले नाही. परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळाने त्याला जागा देऊ केली होती. अट एकच, भाषेची परीक्षा. संगणकावर दिलेल्या त्या परीक्षेत तो एकदा नापास झाला होता. भाषा येत नव्हती म्हणून नव्हे. पडद्याच्या कोपऱ्यातले उलटे पळणारे आकडे पाहून त्याची वाचा बसली होती. बोलण्याच्या विभागात माइक सुरू झाल्याचा ठिपका लाल झाला, आणि तो त्या ठिपक्याकडेच पाहत राहिला. त्या जागेची मुदत आता संपत आली होती. ही संधी शेवटची.

तेव्हा आईनेच तोडगा काढला होता. "घड्याळाकडे बघायचंच कशाला? माझ्याकडे बघ. चाळीस सेकंद कसे असतात ते अंगात भिनू दे. एकदा भिनले की मग आकडे बोंबलू देत तिकडे."

सुरुवातीला त्याने तिची वेळ मोबाइलवर ताडून पाहिली होती. सेकंदाचाही फरक नव्हता. त्यानंतर त्याने कधी ताडून पाहिले नाही. आईवर पहारा ठेवल्यासारखे ते वाटले असते. महिन्यांमागून महिने, कामावर जाण्याआधी, ते दोघे त्या टेबलाशी बसत आले होते. चित्रांचे चाळीस सेकंद, आणि निबंधाची वीस मिनिटे. निबंधाला आई अर्ध्यावर एक टिचकी देई आणि संपताना दोन.

थोरली बहीण अधूनमधून फोन करी. तिने त्याचे नाव लहानपणीच 'कासव' ठेवले होते.

"काय कासवा, तयारी?"

"चाललीय. हल्ली तर वेळ उरतो माझ्याकडे."

"तुझ्याकडे? सूर्य कुठून उगवला म्हणायचा! आणि ऐक, गोष्टीतला ससा झोपला होता म्हणून कासवाचं निभावलं. इथे कोणी झोपणार नाही." मग तिचा आवाज उतरला. "आईचं काहीतरी बिनसलंय रे. काल एकाच फोनवर तीनदा विचारलं तिनं, मुलांची शाळा सुरू झाली का म्हणून."

"तू उत्तर धड देत नसशील."

"चष्मा फ्रिजमध्ये सापडला म्हणाली. हसत होती. मला नाही हसू आलं."

"ताई, वय झालंय तिचं. तुझ्या चष्म्याचं काय, डोक्यावर ठेवून घरभर शोधतेस."

"बरं," ती म्हणाली, "पेपर होऊ दे तुझा. मग बोलू."

परीक्षेच्या दिवशी आईने दारात त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "श्वास घ्या, धरून ठेवा, आता सोडा," ती त्याच्याच आवाजात म्हणाली, आणि दोघेही हसले.

केंद्रात घड्याळ, मोबाइल, पाकीट सारे कपाटात ठेवावे लागले. ओळखपत्र पाहिले गेले, फोटो निघाला, आणि पुसता येण्याजोगी एक पाटी व पेन हातात आले. पर्यवेक्षक बाई सौम्य होत्या. "हेडफोन लावा. माइक तोंडाच्या फार जवळ नको. शेजारचे बोलायला लागतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. आणि एकदा पुढे गेलात की मागे येता येत नाही, सर."

माइकची चाचणी झाली. फळ्यांनी वेगळ्या केलेल्या खुर्च्यांतून एकेक आवाज उठू लागला. कोणी शहराविषयी सांगत होते, कोणी एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत होते. हा कल्लोळ मागच्या वेळी त्याला बुडवून गेला होता. आज त्याने डोळे मिटून ओट्यावरची ती फिकट रेघ आठवली. छाती शांत झाली. स्वतःलाच नवल वाटावे इतकी शांत.

पहिले चित्र आले: बाजारपेठेचा रस्ता. तयारीचा वेळ गेला, खूण वाजली, लाल ठिपका उजळला. कोपऱ्यातल्या आकड्यांकडे त्याने पाहिले नाही. चित्रातल्या दुकानाच्या पाटीवर नजर ठेवून, मनात ते बोट धरून, तो ओळखीच्या संथ लयीत बोलू लागला. रस्ता, दुकाने, छत्र्या. आता माणसे, आणि मग समारोप...

माणसांवर आला तेव्हा ठिपका विझला होता.

काहीतरी चुकून दाबले गेले असावे, असे त्याला वाटले. दुसरे चित्र आलेखाचे होते. तो तितक्याच ठामपणे बोलला, आणि सर्वांत उंच खांबाशी पोहोचतो न पोहोचतो तोच माइक बंद झाला. तिसऱ्या वेळी त्याने पाहिले. आकडे शांतपणे, कोणावरही राग न धरता, शून्याकडे जात होते. आणि त्याच्या आतल्या बोटाने अजून टेकण्याचीही तयारी केली नव्हती.

मग भीती आली. तो घाई करू लागला. शब्द एकमेकांवर आदळले, अर्धे गिळले गेले. एका उत्तरात तर तो इतका धावला की सगळे सांगून संपले आणि उरलेल्या वेळात माइकने फक्त त्याचा श्वास टिपला. अंगात भिनवलेली लय अशी ऐन वेळी उपटून काढता येत नाही. संथ व्हावे तर वाक्य तुटत होते, धावावे तर जीभ अडखळत होती.

निबंधाला घड्याळ लपवण्याची सोय होती. सवयीने त्याने ते लपवले. निदान इथे तरी, वीस मिनिटांत, थोडे मागेपुढे झाले तरी सावरेल. मुद्दा मांडला, दुसरी बाजू मांडली, उदाहरण शोधत तो क्षणभर थांबला. अर्ध्याची टिचकी अजून मनात पडली नव्हती. आणि लपवलेले घड्याळ आपोआप उघडले, शेवटची पाच मिनिटे लाल अक्षरांत दाखवत.

त्या लाल अक्षरांसमोर त्याला आईच्या बोटाविषयी एक गोष्ट सुचली, आणि त्याने ती तिथेच दाबून टाकली. निबंध समारोपाशिवाय सादर झाला.

वाचनात आणि ऐकण्यात त्याने जमेल तितके केले. ऐकण्याची ध्वनिफीत एकदाच वाजते, त्या एका वेळेतही त्याला मध्येच आईचा आवाज ऐकू येत होता: "बरोब्बर."

बाहेर आल्यावर त्याने बहिणीला फोन लावला नाही. निकाल दोन दिवसांनी लागणार होता, पण तो त्याला आताच ठाऊक होता. घराकडे जाताना त्याने पायांना मुद्दाम लांबचा रस्ता दिला.

आई टेबलाशीच बसली होती. स्वयंपाकघरात करपल्याचा वास होता आणि ओट्यावर पातेले पाण्यात बुडवून ठेवलेले होते.

"आलास? कसा गेला पेपर?"

"बरा गेला."

"मी म्हटलं नव्हतं? आकडे बोंबलू देत तिकडे." ती लहान मुलीसारखी खूश झाली. "चहा टाकते."

"आई, चहा राहू दे. एक चित्र घेऊ या?"

"आत्ता? परीक्षा झाली ना!"

"सवय मोडवत नाही गं."

त्याने पुस्तक उघडले. तेच पान, तोच पूल. मोबाइल त्याने टेबलाखाली, गुडघ्यावर धरला, चोरासारखा. आईने हात टेबलावर ठेवला, तर्जनी जरा उचलली. "हं, कर सुरू."

तो बोलू लागला. पूल, नावा, माणसे. गुडघ्यावर चाळीस सेकंद झाले. आईचे बोट तसेच होते. तो बोलत राहिला. नावांचे रंग सांगितले, पाण्याचे सांगितले. पन्नास. साठ. आई प्रसन्नपणे त्याच्याकडे पाहत होती, मान डोलवत होती, जशी चांगले गाणे ऐकताना डोलवावी. त्याच्याजवळचे शब्द संपत आले. दीड मिनिट झाले तेव्हा त्याला चित्रात सांगण्यासारखे काहीच उरले नाही, आणि तो थांबला.

बोट उचललेलेच होते. आईने त्याकडे पाहिले, जणू ते कोणा दुसऱ्याचे असावे, आणि ते इथे असे का आहे हे आठवण्याचा प्रयत्न करत राहिली.

"थांबलास का राजा?" ती म्हणाली. "वेळ आहे की अजून."

"हो," तो म्हणाला. त्याने मोबाइल पालथा ठेवला आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. तो थंड होता.

मग ती पुस्तकाकडे वळली, पुलाचे चित्र कौतुकाने न्याहाळले, आणि विचारले, "परीक्षा कधी आहे रे तुझी?"

आई विसरत चालली होती, आणि हे त्याला कितीतरी दिवसांपासून माहीत होते.