आमंत्रणातली शेवटची चिठ्ठी

मी भित्रा माणूस आहे. कोर्टात तीस वर्षं टंकलेखन केलं, ते दुसऱ्यांच्या शब्दांचं. म्हणून शांतता समितीने सर्वधर्मीय सभेचं आमंत्रण माझ्या गळ्यात घातलं, तेव्हा मी दोनदा नको म्हणालो होतो.

गेल्या महिन्यात एका सोमवारी अफवा उठली, आमच्या वरच्या गल्लीतून आणि मशिदीकडच्या खालच्या गल्लीतून दगड उडाले. माझी मुलगी खालच्या गल्लीच्या तोंडाशी राहते, पदरी चार महिन्यांचं बाळ. ती म्हणाली, "बाबा, रविवारच्या सभेत दोन्ही गल्ल्या एका खोलीत बसल्या नाहीत, तर सोमवारी मी सामान हलवते. कायमचं." जावयाने दूरच्या शहरात खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

मी लिहिलं: 'सर्व धर्म एकच शिकवण देतात. रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या देवळाच्या सभागृहात सामुदायिक प्रार्थना होईल. आम्ही मोठ्या मनाने दार उघडले आहे, इतर धर्मीय बांधवांनी निःसंकोच यावे.' पुजाऱ्यांनी वाहवा केली. बाकी कुणाला न दाखवता मी ते समितीच्या ग्रुपवर टाकून दिलं.

सगळ्यांनी वाचलं, उत्तर एकाचंही नाही. संध्याकाळी खालच्या गल्लीतल्या मौलवींचा एकच शब्द आला: 'वाचलं.'

"हात दाखवून अवलक्षण," बायको म्हणाली. "आता फोनकडे काय बघत बसलाय? जा की खाली."

दुसऱ्या दिवशी गेलो. भर दुपार होती, तरी अर्धी शटर्स खाली. वरून कुणीतरी खिडकी लावली. मौलवी घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

"मोठ्या मनाने दार कोण उघडतं?" त्यांनी विचारलं. "ज्याचं दार असतं तो. तुम्ही घरमालकाने भाडेकरूला लिहावं तसं लिहिलंय, साहेब. आणि आम्ही 'इतर' कुणापेक्षा?"

"पण सगळे धर्म एकच सांगतात, हे तरी..."

"मी नाही तसं मानत. बौद्ध विहारातले भंते तर देवाची गोष्टच करत नाहीत, त्यांना प्रार्थनेला कशाला बसवता? आणि रविवारी दहाला पाद्रीबाबांची सगळी माणसं चर्चमध्ये असतात."

मला खरंच लाज वाटली. "मग काय लिहू ते तुम्हीच सांगा," मी म्हणालो.

"मी सांगितलं तर ते माझं होईल. सगळ्यांना विचारा."

दोन दिवस मी पुजारी, मौलवी, भंते आणि पाद्रीबाबा अशा चौघांकडे खेपा घातल्या. आपल्या लोकांना कोणत्या नावाने बोलवायचं आणि सभेत ते काय करणार, हे प्रत्येकाने आपल्याच शब्दांत दिलं. सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना काढून टाकली, तिच्या जागी दोन मिनिटं शांतता ठेवली. जागा शाळेचा हॉल, वेळ तीनची, म्हणजे चर्च आटोपलेलं आणि मशिदीतल्या पुढच्या नमाजाला अवकाश. नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. आमची चिठ्ठी शेवटी निघाली. पुजारी हसून "चालेल" म्हणाले. छापण्याआधी चौघांनी पूर्ण मजकूर वाचला. पहिली ओळ मात्र माझी होती.

रविवारी पावणेतीनलाच मौलवी आले, मागोमाग खालच्या गल्लीतल्या बायका, पोरं, म्हातारे. भंते आले, पाद्रीबाबा आले. मुलगी बाळाला घेऊन दाराशी उभी होती. मला रडू येणार होतं. मग दिसलं की पुजाऱ्यांच्या शेजारच्या चाळीस खुर्च्या रिकाम्या आहेत. आमची गल्ली आलीच नव्हती.

मुलीनेही ते पाहिलं. तिने बाळाचं टोपडं नीट केलं.

तीनला पाच कमी. मी धावत सुटलो, थेट माझ्या थोरल्या भावाच्या दारात. दादा हलला तर गल्ली हलते. आयुष्यात मी त्याला उलट बोललो नव्हतो. साखळी न काढता त्याने दार फटीएवढं उघडलं.

"यादीत आपण शेवटी का?"

"चिठ्ठी तशी निघाली."

"आणि तू तसंच छापलंस? सख्खा भाऊ असून? आपल्याच गावात आपण शेपटाला?"

"कुणीतरी शेवटी येणारच होतं, दादा. त्यांची चिठ्ठी शेवटी निघाली असती तर तू विचारलं असतंस का?"

त्याचा चेहरा लाल झाला. तो दार लावेल असं वाटलं. मी खिशातलं आमंत्रण काढलं. "पहिली ओळ तरी वाचलीस का?"

मीच वाचली. "'त्या सोमवारी आपण सगळ्यांनी दारं आतून लावून घेतली होती.'"

दादाने साखळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. साखळी काढायला त्याला बराच वेळ लागला.

"चपला कुठंयत माझ्या?" त्याने आत वहिनीला विचारलं, आणि शेजारच्या दारावर थाप मारली.