निम्मी वाटी

“मॅडम, इंटिग्रेशन कुठंतरी चुकून राह्यलंय,” मी फळ्यापाशी चिडून म्हटलं. पॅराबोलॉइड वाटी, तोंडाची त्रिज्या r, खोली h. तळापासून y उंचीवरच्या चकतीचं क्षेत्रफळ πr²y/h. शून्य ते h बेरीज केली की πr²h/2. म्हणजे तिला कवेत घेणाऱ्या सिलिंडरच्या बरोबर निम्मं. एवढी पोटुशी वाटी, आणि निम्मीच?

तृप्ती मॅडमनी लॅबमधल्या फिरत्या चकतीवर काचेचा सरळ डबा ठेवला आणि काठोकाठ पाणी भरलं. “दैवशाला, निम्म्यावर खूण कर. फिरतं पाणी पॅराबोलॉइडच होतं.”

चकतीचा वेग वाढला. पाणी कडेनं चढून सांडू लागलं, मधे खोल होत गेलं, आणि खिडकीतलं परतूरचं आभाळ त्यात हळूहळू उतरलं. ते तळाला टेकलं तेव्हा पाण्याच्या आत माझी वाटी उभी होती, नुसत्या हवेची.

चकती थांबली. वाटी विरघळली. पाणी खुणेवर येऊन निजलं.

“वाटी कुठं गेली, मॅडम?”

“खाली बघ.”

माझे पाय घोट्यापर्यंत भिजले होते.