शिरोरेषेच्या वर

चूक कुणाची? तिचीच. दुसऱ्या कुणावर ढकलता आली असती, तर निदान चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

नव्या हॉस्पिटलच्या पाट्यांसाठी अक्षरं जुळवायची होती. एकाच पट्टीवर शेजारी शेजारी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही सारख्या तोलामोलाची. इंग्रजी सगळं कॅपिटल, जाडजूड. मराठी तेवढीच जाड केली की ‘क्ष’च्या पोटात नुसता काळोख होतो. म्हणून तिनं रेघा किंचित बारीक केल्या आणि शिरोरेषा कॅपिटलच्या डोक्यापेक्षा केसभर खाली बसवली. तीन महिने डोळ्यांत तेल घालून काम केलं. एकदाचा तोल साधला, तेव्हा तिनं बाबांना फोन केला. बाबांनी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या होत्या.

"बाबा, या वेळी मराठी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली नाही हं! इंग्रजीच्या खांद्याला खांदा लावून उभी आहे."

"मग बघायला येणारच," बाबा म्हणाले.

पुढे पाटीवाल्यानं विचारलं, "मॅडम, पट्टी किती उंच कापू?" तिनं हॉस्पिटलच्या नावावरून माप दिलं. तीन महिने तेच एक नाव डोळ्यांपुढे होतं ना! आणि त्या नावाला वर मात्रा नाही, वेलांटी नाही, खाली उकार नाही. अठरा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईनं असं माप द्यावं? अगं, बुद्धी काय गहाण ठेवली होतीस?

चारशे पट्ट्या कापून आल्या. त्या मापात तिनं पहिलीच पाटी मांडली, ‘हृदयरोग विभाग’. वरच्या मात्रा-वेलांट्या छाटल्या गेल्या, ‘हृ’चे पाय गेले.

"दाब की जरा," ती काम करायची त्या स्टुडिओचे मालक म्हणाले. तिनं दाबून पाहिलं. मात्रा शिरोरेषेवर लोळायला लागली, ‘हृ’चा नुसता लगदा झाला.

"सर, पट्ट्या नव्यानं कापू या."

"सोमवारी उद्घाटन आहे, बाई! मराठी लहान कर."

"मग इंग्रजीही लहान करू. तोल तरी राहील."

"ते मंजूर झालंय. त्याला हात लावायचा नाही."

तिनं स्वतःच्या हातानं मराठी जवळजवळ निम्म्यावर आणली. आधीच बारीक केलेल्या रेघा आणखी बारीक झाल्या. नोकरी सोडावी असं शंभरदा मनात आलं, पण तेवढी धमक नव्हती.

सोमवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. नको म्हणायला तिची जीभ रेटली नव्हती. लांबलचक कॉरिडॉरमध्ये उभं राहून त्यांनी मान वर केली. डोळे बारीक केले, दोन पावलं पुढे गेले, परत मागे आले. मग इंग्रजी धड न येणारे बाबा एकेक अक्षर लावायला लागले, "सी... ए... आर..."

मध्येच थांबून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"यातलं तुझं कुठलं गं?"