सात नंबरचा काटा

प्रयोगशाळेच्या बाईंचा नवरा जाऊन एकोणीस दिवस झाले होते आणि त्यांना अजून एकदाही रडू आलं नव्हतं. याची काळजी त्यांच्यापेक्षा इतरांनाच जास्त. शेजारीण रोज संध्याकाळी येऊन, गॅसवरचं दूध वर येतंय का बघावं तसं त्यांच्या डोळ्यांकडे बघत बसायची आणि काही उतू जात नाही म्हटल्यावर हिरमुसून घरी जायची. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, जरा मन मोकळं करा." बाई म्हणाल्या, "हो, करते," आणि फोन ठेवून त्यांनी फरशी पुसली. ती सकाळीच पुसून झाली होती.

विसाव्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती म्हणून त्या कामावर आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. पण भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कुठल्या खणात काय आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातलं एक गेलं होतं. नवरा तिथेच शिकवायचा. सगळे त्यांना सर म्हणायचे. बाई घरी 'अहो' म्हणायच्या आणि प्रयोगशाळेत काहीच म्हणायच्या नाहीत, नुसतं काचेच्या भांड्यावर बोट वाजवायच्या. तीस वर्षं तेवढ्यावर भागलं.

दुपारपर्यंत परीक्षा सुरळीत चालली. बाईंनी भिंगं मांडली, तारा दिल्या, सांडलेलं पाणी पुसलं. त्यांना काही वाटत नव्हतं. दात काढताना सुई दिल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, तसं सगळं अंगच झालं होतं. एका अर्थी बरं होतं, काम भराभर होत होतं.

घोटाळा झाला तो शेवटच्या टेबलावर. तिथे संध्याकाळच्या वर्गातली एक बाई परीक्षा देत होती. वय पस्तिशीचं, घरी दोन मुलं. दिवसा शहराच्या पाणी तपासणी केंद्रात बाटल्या धुवायची, म्हणून वर्गात तिला सगळे पाणीवाली म्हणायचे. ही परीक्षा पास झाली तर ती बाटल्या धुण्याऐवजी त्यातलं पाणी तपासायला बसणार होती. दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची.

तिच्या वाट्याला नादकाट्यांचा प्रयोग आला होता. दोन पोलादी काटे, दोन्ही आपापल्या लाकडी पेटीवर उभे. एकावर आकडा कोरलेला, २५६. म्हणजे तो सेकंदाला दोनशे छपन्न वेळा कंप पावतो. दुसऱ्याचा आकडा गंजून गेलेला, त्यावर नुसता रंगाने ७ काढलेला. दोन्ही एकदम वाजवले की आवाज सरळ येत नाही, मोठा होतो, बारीक होतो, पुन्हा मोठा होतो. एका सेकंदात हे हेलकावे जितके, तितकाच दोन्ही काट्यांच्या आकड्यांत फरक. हेलकावे मोजायचे आणि सात नंबरचा आकडा सांगायचा. पाणीवालीने लिहिलं होतं, २५३.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सरांची उत्तरांची वही उघडली. तिथे लिहिलं होतं, २५९.

"चुकलं," परीक्षक म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण सव्वाचारची गाडी पकडायची होती आणि पिशवीची चेन आधीच लावून झाली होती. "तुमचं उत्तर सहाने चुकलंय. मुख्य प्रयोगच गेला म्हटल्यावर मी तरी काय करणार?"

पाणीवालीने वाद घातला नाही. दोनदा नापास झालेल्या माणसाला चुकलं म्हटलं की ते खरंच वाटतं. तिने पेनाचं टोपण लावलं आणि टेबलावरचं मेण डबीत भरायला लागली.

बाई बाजूलाच स्टॉपवॉच पुसत उभ्या होत्या. सहाने चुकलं हे त्यांच्या कानावर पडलं, आणि आत कुठेतरी, त्यांना न विचारता, हिशोब झाला. दोनशे छपन्नच्या खाली तीन, वर तीन. मोजणी दोघांचीही तीनच होती. बाजू तेवढी वेगळी.

सर दरवर्षी वर्गात हेच तर घोकून घ्यायचे. "मोजता कोणालाही येतं. पण हेलकावे फक्त अंतर सांगतात, बाजू सांगत नाहीत. बाजू वेगळी विचारावी लागते." ती कशी विचारायची हेही दाखवायचे. अनोळखी काट्याच्या टोकाला मेणाचा कण चिकटवायचा. काटा जड झाला की त्याचा आकडा उतरतो. तो मुळात वरच्या बाजूला असेल तर उतरताना दोनशे छपन्नच्या जवळ येतो आणि हेलकावे कमी होतात. खालच्या बाजूला असेल तर आणखी लांब जातो, हेलकावे वाढतात. हा माणूस मेण लावल्याशिवाय आकडा लिहिणं शक्यच नाही. भाजी घेतानासुद्धा दोन्ही बाजूंनी फिरवून बघायचा.

म्हणजे पाणीवालीचंच चुकलं असणार. बाईंनी तिची उत्तरपत्रिका उचलली. मेणाशिवाय पाच सेकंदांत पंधरा. मेण लावल्यावर पाच सेकंदांत वीस. वाढले होते.

"साहेब," बाई म्हणाल्या, "एकदा परत वाजवून बघू या."

"अहो बाई, उत्तर खुद्द सरांचं आहे." परीक्षकांचा आवाज मऊ झाला. त्यांना बातमी माहीत होती. "त्यांच्या हातचं आहे. त्यावर मी शंका घेऊ?"

खरं तर इथे गप्प बसणं सोपं होतं. वही बंद करायची, कपाटात ठेवायची. सर बरोबर राहिले असते, आणि मेलेल्या माणसाने निदान बरोबर तरी राहावं असं कोणालाही वाटेल. बाईंनाही वाटलं. एकोणीस दिवसांत त्यांना पहिल्यांदाच काहीतरी वाटलं, आणि तेही असलं.

त्यांनी पाणीवालीच्या हातातून मेणाची डबी घेतली.

"वाजवा तुम्ही," त्या तिला म्हणाल्या. "मोजते मी. साहेब, घड्याळ धरा."

पाणीवालीने रबरी हातोडीने दोन्ही काटे वाजवले. बाईंनी डोळे मिटले आणि डावा हात टेबलावर पालथा पसरला. मनगट पुढे करून त्या थांबल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. पाच सेकंद सुरू झाले की सर त्यांच्या मनगटावर एक टिचकी मारायचे, संपले की दुसरी. इथे टिचकी मारणारं कोणी नव्हतं. परीक्षक त्या हाताकडे बघत राहिले, त्यांना काही कळेना. बाईंनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "सुरू म्हणा, मग थांबा म्हणा."

मेणाशिवाय, पंधरा. ज्वारीच्या दाण्याएवढं मेण, सतरा. आणखी तेवढंच, वीस.

"वाढतायत," पाणीवाली हळूच म्हणाली.

"वाढणारच," परीक्षक म्हणाले. आता त्यांचाही मास्तर जागा झाला होता, गाडी राहिली बाजूला. "मेण जास्त झालं तर वरचा काटाही दोनशे छपन्न ओलांडून खाली जातो. मग पलीकडे गेल्यावर हेलकावे वाढलेलेच दिसतात. फसवं असतं ते."

"ओलांडला असता तर मध्ये कमी झाले असते," बाई म्हणाल्या. "एवढ्याशा कणाने तिनाचे आधी दोन, एक व्हायला हवेत. इथे पहिल्या कणापासून वाढतायत. पंधरा, सतरा, वीस. काटा खालचाच आहे, साहेब. दोनशे त्रेपन्न."

परीक्षकांनी मेण काढायला लावून स्वतः काटे वाजवले, स्वतः मोजले. पुन्हा मेण लावून मोजले. मग पिशवीची चेन उघडली आणि गुणपत्रिका बाहेर काढली. पाणीवाली खुर्चीवर बसली, जसं काही तिला आत्ताच कळलं होतं की तिथे खुर्ची आहे.

"सरांकडून असं कसं झालं असेल?" परीक्षकांनी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं गेलं.

बाईंनी वही जवळ ओढली. दर वर्षी परीक्षेआधी एक संध्याकाळ दोघं मिळून ही उत्तरं काढायची. सर वाजवायचे, बाई मोजायच्या, कारण सरांच्या कानांना तीन आणि साडेतीन यांतला फरक अलीकडे कळत नव्हता, म्हणजे मेण लावल्यावर हेलकावे वाढले की घटले हेही. हे फक्त बाईंना माहीत होतं. प्रत्येक आकड्यापुढे सर एक बरोबरची खूण करायचे आणि बाई तिच्या शेजारी पेन टेकवून एक टिंब द्यायच्या. पान भरून तशा जोड्या होत्या. सात नंबरपुढे खूण होती. टिंब नव्हतं.

तारीख सव्वीस दिवसांपूर्वीची होती.

त्या संध्याकाळी सहा काटे झाले होते. सर म्हणाले होते, "अगं, आज हात जड पडलाय. हातोडी उचलवत नाही. शेवटचा तू वाजवतेस का? मी मोजतो." आणि बाई दिवसभराच्या वैतागलेल्या. घरी पाहुणे यायचे होते, पाय दुखत होते. त्या म्हणाल्या होत्या, "तुमचे काटे, तुम्हीच वाजवा आणि तुम्हीच मोजा." आणि पर्स उचलून निघून गेल्या होत्या. सर मागून अर्ध्या तासाने घरी आले. सात दिवसांनी सकाळी त्यांचा तोच हात उठलाच नाही, आणि दुपारी सगळंच थांबलं.

हात जड पडलाय, असं ते म्हणाले होते. स्वच्छ म्हणाले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी काही जाणवलं होतं का? बाईंनी सांगितलं होतं, नाही, काहीच नाही. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच आठवलं नव्हतं.

"चूक त्यांची नाही," बाई परीक्षकांना म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, त्याचं त्यांनाच नवल वाटलं. "त्या दिवशी मोजायला मी नव्हते."

त्यांनी २५९ वर एक आडवी रेघ मारली. शेजारी २५३ लिहिलं. पेन टेकवून टिंब दिलं. टिंबाच्या आधी, खुणेपुरती, जागा सोडली होती.

परीक्षक गेले. पाणीवाली दारात घुटमळली, तिने हात जोडले आणि तीही गेली. बाईंनी भिंगं डब्यात ठेवली, तारा गुंडाळल्या. सात नंबरच्या काट्यावरचं मेण नखाने खरवडून काढलं, कारण मेण राहिलं तर पुढच्या वर्षी आकडा चुकतो. मग हातोडी घेतली आणि तो एकटाच काटा वाजवला. शेजारी दुसरा वाजत नसला की त्यात हेलकावा नसतो. सरळ, एकसारखा आवाज येतो आणि बारीक बारीक होत जातो.

तो संपेपर्यंत बाई डावा हात टेबलावर पालथा ठेवून बसल्या. आणि तो संपल्यावर, विसाव्या दिवशी दुपारी, त्यांना रडू आलं.