देवजीचं टक्कल तिथेच राहिलं

जव्हारमधल्या माझ्या सलूनसाठी भाची प्रगती मोबाइलवर कटिंगआधी-कटिंगनंतरचा छोटा व्हिडिओ काढत होती. खुर्चीत जामसरचा देवजी बसला होता. व्हिडिओला त्याने स्वतःहून होकार दिला होता.

"काका, आधी तोंड पाडून बसा," ती म्हणाली, पण त्याला हसूच आवरेना. कटिंग झाल्यावर तिने मोठा दिवा लावला आणि देवजीच्या डोक्यामागचं टक्कल झाकणारा फिल्टर शोधू लागली.

माझं डोकंच फिरलं. "मी केस कापतो, उगवून देत नाही! दिवा बंद कर. आधीचा व्हिडिओ जिथून घेतलास तिथूनच हाही घे."

व्हिडिओत बाजू बारीक झाल्या, मान स्वच्छ दिसली आणि टक्कल होतं तिथेच राहिलं. तिने व्हिडिओवर लिहिलेलं "घाई करा, शेवटच्या जागा" हेही मी खोडायला लावलं. शनिवारी तीन आणि चारची वेळ रिकामी होती, तेवढंच फोन नंबरासह लिहून तिने व्हिडिओ टाकला.

संध्याकाळी मोखाड्याहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. "माझ्या डोक्यावर भाजल्याचा डाग आहे. लोक बघतात म्हणून बायकोच घरी केस कापते. तुम्ही त्या भाऊंचं टक्कल लपवलं नाही, म्हणून विचारतो. चारची वेळ आहे अजून?"

"आहे. या."

शनिवारी कटिंग झाल्यावर तो आरशात बराच वेळ बघत राहिला, डागासकट. जाताना त्याने माझे दोन्ही हात धरले.

मग मी देवजीला फोन लावून सगळं सांगितलं. "तुझे उपकार झाले रे."

"माझे कसले?" तो हसला. "टकलाचे आभार मान."

मी मानले.