नऊचा हिरवा गोल

तोंड सुटलं की मला आवरत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या संध्याकाळी जेवताना मी दादाला जे बोलले, ते नुसतं तोंड सुटणं नव्हतं. मला माझंच खरं वाटत होतं, आणि तेच आज आठवलं की मान वर करवत नाही.

दादा अग्निशमन दलात बंबावर ड्रायव्हर आहे. त्याच्या बंबात लावलेल्या टॅबलेटवर जो नकाशा चालतो, तो माझ्या कंपनीने केलाय, म्हणजे मीच केलाय. शहरातले सगळे हायड्रंट त्यावर आहेत. रस्त्याकडेचे ते जाडजूड नळ, ज्यांना बंबाची नळी जोडतात. चालू असेल तो हिरवा ठिपका, बंद असेल तो राखाडी. बंबातलं स्वतःचं पाणी बघता बघता संपतं, मग जवळ चालू हायड्रंट सापडला तर ठीक, नाहीतर समोर जळताना बघत उभं राहायचं.

त्या दुपारी एका सुताराचा कारखाना तसाच जळाला. दादाने डावीकडच्या रस्त्याला बंब घातला. पहिला हायड्रंट कोरडा, दुसरा कोरडा, तिसराही कोरडा. उजवीकडच्या रस्त्यावर दोन चालू होते. तिथून पाणी येईपर्यंत छप्पर खाली आलं. सुतार वाचला, पण त्याची यंत्रं, लाकूड, तयार झालेली दारं, सगळं गेलं. दादावर चौकशी बसली. निकाल विरुद्ध लागला तर त्याला बंबावरून उतरवणार होते.

"राखाडी ठिपके दिसले नाहीत तुला?" मी ताटावरूनच विचारलं.

"राखाडी काही नव्हतंच गं," दादा म्हणाला. "डावीकडे हिरवा गोल होता, नऊ लिहिलेला. उजवीकडे दोन. मी नऊकडे गेलो."

"शक्यच नाही. राखाडी तुला दिसले नसतील, ते वेगळं. मोबाइलवर गाण्यांचे व्हिडिओ मात्र बरोबर दिसतात."

आई म्हणाली, "पुरे आता." पण वहिनीने माझी बाजू घेतली. "मी किती वेळा सांगते ह्यांना, डोळे तपासून घ्या म्हणून. ताई एवढं शिकलेल्या, त्या काय उगाच म्हणतील?" दादाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आमटी भुरकायला लागला. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी त्या बंबातला टॅबलेट आमच्या ऑफिसात आला. दादाची चूक दाखवायला म्हणूनच मी तो हातात घेतला. आगीच्या वेळी बंब ज्या चौकात होता तो चौक काढला आणि ड्रायव्हर ठेवतात तेवढ्याच अंतरावर, दोन-तीन वस्त्या एकदम दिसतील असा, नकाशा ठेवला.

डावीकडे हिरवा गोल. नऊ. उजवीकडे दोन.

मी गोलावर बोट टेकवलं. नकाशा जवळ आला, गोल फुटला, आणि आतून आठ राखाडी ठिपके निघाले. हिरवा एकच, तोही वस्तीच्या पार टोकाला.

झालं होतं ते असं. सुरुवातीला मी अकरा हजार ठिपके सुटे टाकले होते. टॅबलेटने हात टेकले. एवढे ठिपके प्रत्येक वेळी नव्याने मांडायचे म्हणजे नकाशा बोटाला हलेना, आणि दिसायचा नुसता गिचका. मग मी जवळजवळचे ठिपके एकेका गोलात बांधले, गोलावर आकडा, नकाशा जवळ आणाल तसे गोल फुटत जाऊन शेवटी सुटे ठिपके. अकरा हजारांच्या जागी पडद्यावर जेमतेम वीस-पंचवीस गोल, त्यामुळे नकाशा पळायला लागला. सगळ्यांनी पाठ थोपटली. फक्त प्रत्येक गोल आतले चालू आणि बंद सगळेच हायड्रंट एकत्र मोजत होता, आणि रंग आकड्यावरून घेत होता. जितके जास्त तितका गडद हिरवा. मी दिवसभर नकाशा जवळून बघणारी, मला राखाडी ठिपके रोज दिसायचे. बंब पळवणाऱ्याला ते कधीच दिसले नव्हते.

आणि बंद वगळून मोजायचं हे मला आधी सुचलं नव्हतं असंही नाही. दुरुस्तीला तासभरही लागला नाही. गोलाने आतले फक्त चालू हायड्रंट मोजायचे, आणि रंगही त्यांच्यावरूनच ठरवायचा. डावीकडचा गोल आता एक म्हणाला. नकाशा पूर्वीइतकाच वेगात चालत होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी चौकशी होती. खोलीत लांब टेबल होतं. मधोमध दलाचे प्रमुख, त्यांच्या शेजारी दोन अधिकारी. दादा इस्त्रीच्या गणवेशात उभा. मला नकाशा समजावून सांगायला बोलावलं होतं. मी लॅपटॉप उघडायच्या आत दादानेच बोलायला सुरुवात केली.

"गोलावर बोट लावून आत बघायला हवं होतं, साहेब. ते सूचनांमध्ये लिहिलंय. मी नाही बघितलं. चूक माझी आहे."

ते वाक्य मीच लिहिलं होतं, सूचनांच्या शेवटच्या पानावर. दादाने ते मला वाचवायला पाठ करून आणलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सायरन चालू, हातात जाड मोजे, समोर धूर, आणि त्याने बोट कुठे लावायचं?" माझा आवाज चढला. "साहेब, गोल खोटं बोलत होता. तो मी बनवलाय."

प्रमुख म्हणाले, "बंद नळ मोजणीत धरायचे, हे तुम्हीच ठरवलंत?"

खोलीत त्यांना आणि मला, दोघांनाच खरं माहीत होतं. पहिल्यांदा नकाशा दाखवला तेव्हा मी चालूच मोजले होते. मोठमोठ्या वस्त्या रिकाम्या दिसत होत्या. प्रमुखांच्या कपाळावर आठी पडली होती. "एवढं ओसाड? हे वर दाखवायचंय." मी तिथल्या तिथे एक ओळ बदलली होती, गोल भराभर फुगले होते आणि ते हसले होते. त्यांच्या त्या हसण्यावर मी आठवडाभर हवेत होते.

"साहेबांना रिकामं आवडलं नाही," मी म्हणाले. "पण बदललं मी. नाही म्हणायची हिंमत झाली नाही, आणि कौतुक हवं होतं."

प्रमुखांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी दादाला बंबावर परत जायला सांगितलं, आणि मला, माझं काय होईल ते कंपनी कळवेल असं.

घरी वहिनी ओट्यावर भांडी लावत होती. मी तिला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. दादाला बरोबर दिसलं होतं, त्याने बरोबर वाचलं होतं, त्या जागी मी असते तरी नऊकडेच गेले असते.

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"काल त्यांना चष्म्याच्या दुकानात नेलं मी," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हटलं, ह्यांना दिसत नाही, ह्यांच्यामुळे एकाचा कारखाना जळाला. ते गपचूप फळ्यावरची अक्षरं वाचून दाखवत होते. सगळी वाचली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत."