फेकून दिलेला स्थिरांक

सव्वीस वर्षं मी फळ्यावर तोच गोळा काढत आलोय. धातूचा, जमिनीला तारेने जोडलेला, एकसारख्या विद्युतक्षेत्रात ठेवलेला. झोपेतून उठवलंत तरी सोडवून दाखवीन, अशी माझी घमेंड होती. बायको म्हणायची, "अहो, त्या गोळ्यापुढे तुम्हाला घरदार दिसत नाही." तिला काय जातंय बोलायला.

गणित तसं सरळ आहे. गोळ्याभोवती पोटेन्शियल, म्हणजे व्होल्टमध्ये मोजतात तो विजेचा दाब, किती, हे दोन गोष्टींवर ठरतं, मध्यापासूनचं अंतर आणि कोन. आपण असं धरून चालायचं की उत्तर म्हणजे दोन तुकड्यांचा गुणाकार, एक तुकडा फक्त अंतराचा, दुसरा फक्त कोनाचा. समीकरणात घातलं की एक बाजू फक्त अंतराला ओळखते, दुसरी फक्त कोनाला, आणि तरी दोन्ही कायम बरोबरीत. म्हणजे दोघींनाही बदलायची सोय नाही, दोन्ही एकाच ठरलेल्या आकड्याएवढ्या. भांडणाऱ्या जावांना वेगळ्या चुली मांडून दिल्या की घर शांत होतं, तसंच हे. यातून पदांची रांग निघते, शून्य क्रमांकाचं, पहिलं, दुसरं आणि पुढे. लांब गेल्यावर क्षेत्र मूळचंच उरलं पाहिजे, म्हणून पहिलं पद ठेवायचं. गोळ्यावर पोटेन्शियल शून्य हवं, म्हणून त्याला अंतराच्या वर्गाने घटणारा जोडीदार द्यायचा. बाकीच्यांना घरी पाठवायचं. उत्तर काय, तर गोळ्याच्या दोन्ही टोकांवर क्षेत्र मूळच्या तिप्पट आणि मधोमध कमरेवर शून्य. तास संपला, चहा प्या.

सात वर्षांपूर्वी एका पोरीने हात वर केला. सारखा करायची, म्हणून मीच तिचं नाव शंकासूर ठेवलं होतं.

"सर, शून्य क्रमांकाच्या पदात नुसता स्थिरांक असू शकतो ना? लांबचं पोटेन्शियल कुठून मोजायचं ते आपल्या हातात आहे. मग तो का टाकला?"

मला जेवायला जायचं होतं. म्हटलं, "शंकासूरबाई, पोटेन्शियलमध्ये स्थिरांक कितीही मिळवा, क्षेत्राला ढिम्म फरक पडत नाही. तो फुकट जेवणारा पाहुणा आहे. फेकून द्या!" वर्ग हसला. तीही हसली आणि वहीत लिहून घेतलं. मी जेवायला गेलो.

यंदा एका दुपारी ती माझ्या खोलीत आली, तेव्हा हसत नव्हती. आता ती उच्च विद्युतदाबाच्या प्रयोगशाळेत डिझाइन बघते. दोन मीटर अंतरावर दोन मोठाल्या धातूच्या चकत्या, एक वर, एक खाली. मधोमध आठ सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा, पोकळ दांडीवर बसवलेला, जमिनीला जोडलेला, आत मोजमापाचं यंत्र. यंत्राची केबल दांडीतून खाली उतरून मेजापर्यंत जाते. गोळा तिने आखला होता. चकत्यांमध्ये पाच लाख व्होल्ट चढवले आणि वरून गोळ्यावर ठिणगी कोसळली. ती केबलमधून मेजापर्यंत आली. तिथे मामा होते.

मामा म्हणजे तिथले सर्वात जुने ऑपरेटर. सगळे त्यांना मामाच म्हणतात. केबलचं टोक सैल वाटलं म्हणून त्यांनी ते अंगठ्याने दाबून धरलं होतं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

"चौकशी समिती बसलीय, सर," ती म्हणाली. "दोनच शक्यता आहेत. एक तर गोळा चुकीचा आखला, नाहीतर मामांनी हलगर्जीपणा केला. निवृत्तीला चार महिने राहिलेत त्यांच्या. हलगर्जीपणा ठरला तर बडतर्फ करतील. बोटं गेली ती गेलीच, वर हा डाग." तिने वही पुढे सरकवली. "माझं गणित तपासून द्या. मूळ क्षेत्र सेंटिमीटरला अडीच हजार व्होल्ट, तिप्पट केलं तर साडेसात हजार. हवा फुटून ठिणगी पडते ती तीस हजाराला. मी चौपट मोकळीक ठेवली होती. ठिणगी पडायलाच नको होती!"

मी चष्मा लावला. पदं तीच, पायऱ्या त्याच, अक्षरसुद्धा तेच. समासात जुन्या वहीतून उतरवून घेतलेली एक ओळ होती. 'स्थिरांक टाकणे. क्षेत्राला फरक नाही. सर.' पुढे तिने हसरा चेहरा काढला होता.

मग मी जोडणीचं रेखाचित्र बघितलं. वरची चकती पाच लाखांवर आणि खालची जमिनीला जोडलेली.

वरच्या चकतीवर अडीच लाख अधिक आणि खालच्या चकतीवर अडीच लाख उणे असते, तर मधोमध शून्य आलं असतं आणि पुस्तकातलं उत्तर तंतोतंत लागू पडलं असतं. पण इथे मधोमध अडीच लाख होते. मोकळा गोळा ठेवला असता तर त्याने ते अडीच लाख निमूट घेतले असते, बिघडलं काहीच नसतं. हा मात्र तारेने जमिनीला बांधलेला. त्याला शून्यावर राहायचंय आणि भोवती अडीच लाख. तो जमिनीतून विजेचा भार ओढून घेणार, सगळ्या अंगभर. अडीच लाख भागिले आठ, सव्वाएकतीस हजार. ते शून्य क्रमांकाच्या पदाचं देणं. वरच्या टोकावर त्यात साडेसात हजार मिळवा, पावणेएकोणचाळीस हजार. हवा फुटणार नाही तर काय होणार?

पाहुणा फुकट जेवत नव्हता. त्यानेच घर पेटवलं होतं.

"बरोबर आहे ना, सर?"

मी तेव्हा काय विचार केला ते खरं सांगतो. मामांचा विचार केला नाही. तिचाही केला नाही. सव्वीस वर्षांच्या वर्गांचा विचार केला, म्हणजे माझाच. पुढच्या महिन्यात माझा निरोप समारंभ होता, आणि शाल कुठल्या रंगाची घ्यायची यावर दोन प्राध्यापक भांडत होते.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "पायरीन् पायरी बरोबर."

तिने डोळे मिटून श्वास सोडला. "मग मामांचंच काहीतरी चुकलं असणार," ती हळूच म्हणाली, आणि तिला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं. वाकून नमस्कार करून गेली. तो नमस्कार मी घेतला. शरम वाटायला हवी होती, ती पुढे वाटली.

दोन दिवसांनी समितीच्या सचिवाचा फोन आला. "मॅडम म्हणतात, तुम्ही गणित तपासलंय?"

"हो."

"चूक नाही?"

"नाही."

"बरं झालं. मग निकाल सोपा आहे." फोन ठेवताना त्याने माझे आभार मानले.

त्या आठवड्यात मला घास उतरेना. बायकोने विचारलं, "तुम्हाला झालंय तरी काय? तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?" मी तिच्यावर खेकसलो. ती ताट उचलून आत गेली. रोज सकाळी उठायचो ते आज फोन करायचा असं ठरवून, आणि दुपारपर्यंत काहीतरी निमित्त सापडायचं.

पण शंकासूर ती शंकासूरच. समितीला कागद देऊन झाल्यावरही तिला चैन पडेना. काढून ठेवलेला गोळा कोठीत पडला होता, तो तिने मेजावर घेऊन भिंगाने तपासला. माथ्यावर जळल्याचा मोठा डाग होता. तो असणारच. पण कमरेवरसुद्धा बारीक बारीक खड्डे होते, गोलाकार, सगळ्या बाजूंनी. पुस्तकाप्रमाणे कमरेवर क्षेत्र शून्य, तिथे भार औषधालाही नसतो. जिथे काही नाही तिथे जळेल कसं? ती तिथेच स्टुलावर बसली आणि पहिल्या ओळीपासून गणित मांडलं, या वेळी काहीही न फेकता. स्थिरांक ठेवला. कमरेवर सव्वाएकतीस हजार आले.

हे मला तिच्याच फोनवरून कळलं. आवाज अगदी सपाट होता.

"सर, चूक माझी होती. खालची चकती जमिनीला होती, मी विचारच केला नाही. समितीला लेखी दिलंय. मामा सुटले."

"आणि तू?"

"मला काढलं. बरोबरच आहे."

"माझं नाव..."

"तुमचं कशाला? पुस्तकातलं गणित तुम्ही बरोबरच तपासलंत. जोडणी बघायचं काम माझं." मग तिने विचारलं, "तुम्ही रेखाचित्र बघितलं नव्हतं ना, सर?"

आता बोल, मेल्या, आता तरी बोल, असं मी स्वतःला म्हटलं. आणि तोंडातून निघालं, "नाही गं. ओझरतं."

"तेच म्हटलं," ती म्हणाली. काय समजली, देव जाणे. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मी दोनदा केला, तिने उचलला नाही.

समारंभ झाला. शाल शेवटी करड्या रंगाची निघाली. भाषणात कुणीतरी त्या गोळ्याचा विनोद केला आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. समितीला सांगून आता उपयोग नव्हता, तिला सांगायची हिंमत नव्हती. म्हटलं निदान ज्याची बोटं गेली त्याला तरी सांगावं.

मामा खाटेवर उशीला टेकून बसले होते. उजवा हात बँडेजच्या पांढऱ्या बोचक्यात. डाव्या हाताने संत्रं सोलायची खटपट चालली होती. मी कोण ते सांगितलं, तर माणूस खाटेवरून उठायलाच लागला.

"अहो सर, तुम्ही? ताईंचे सर? बसा, बसा!" त्यांचे डोळे भरून आले. "काय सांगू तुम्हाला. ताई आल्या होत्या. इथे, या स्टुलावर बसल्या. हा डावा हात धरला माझा आणि म्हणाल्या, मामा, तुमची चूक नव्हती, माझी होती, मी तसं लिहून दिलंय. नोकरी गेली पोरीची, पण बोलताना आवाज कापला नाही. तीस वर्षं साहेब लोक बघतोय मी. चूक खालच्याच्या गळ्यात मारतात आणि मोकळे होतात. असं कुणी केलेलं पहिल्यांदा पाहिलं."

"मामा, मला तुम्हाला एक..."

"तेव्हाच मी बायकोला म्हटलं, हिला कुणीतरी चांगलं शिकवलंय. बुद्धी काय, पुष्कळांना असते. पण हे शिकवणारा मास्तर विरळा."

"हे मी नाही शिकवलं तिला," मी म्हणालो. "मामा, खरंच सांगतो. मी नाही शिकवलं. मी तर..."

"हा तुमचा मोठेपणा," मामा हसले. अर्धवट सोललेलं संत्रं त्यांनी डाव्या हाताने माझ्यापुढे धरलं. "घ्या सर. तेवढं सोलून द्या मला, आणि अर्धं तुम्ही खा."

मी संत्रं सोललं. शिरा काढून एकेक फोड त्यांच्या डाव्या हातावर ठेवत गेलो. माझ्या वाटणीचं अर्धंही त्यांनाच दिलं आणि घरी आलो.